रिले पद्धतीचं ऑटो-ट्यूनिंग: Ku आणि Pu हाताने कसे काढायचे आणि कसे तपासायचे

कंट्रोलरवर ऑटो-ट्यूनचं बटण दाबलं की तापमान सेटपॉइंटच्या वर-खाली चार-पाच हेलकावे खातं आणि शेवटी P, I, D असे तीन आकडे पडद्यावर येतात. ते आकडे दोनच मोजमापांतून आलेले असतात: लूपचा अल्टिमेट गेन, म्हणजे Ku, आणि अल्टिमेट पीरियड, म्हणजे Pu. ही मोजमापं चुकली तर पुढचं सगळं चुकतं, आणि कंट्रोलर त्याबद्दल बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. म्हणून हीच चाचणी एकदा हाताने कशी करायची आणि मिळालेल्या आकड्यांवर किती विसंबायचं, ते इथे पाहू.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेतलं आहे: कार्ट्रिज हीटर बसवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. खोलीचं तापमान 30 अंश आहे. हीटरचं आउटपुट 1 टक्क्याने वाढवलं तर ठोकळा शेवटी 4 अंशांनी जास्त तापतो. आउटपुट बदलल्यावर पहिले 10 सेकंद सेन्सरला काहीच कळत नाही (हा डेड टाइम), आणि त्यानंतर 200 सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने तापमान सरकतं. खालचे आकडे याच गणिती नमुन्यातून काढले आहेत. स्प्रेडशीटमध्ये किंवा पंधरा-वीस ओळींच्या पायथॉनमध्ये ते तुम्हालाही पडताळता येतील.

## 1. आधी समजून घ्या: रिले नेमकं काय करतो

झिगलर आणि निकोल्स यांनी 1942 साली मांडलेल्या पद्धतीत I आणि D बंद ठेवून P हळूहळू वाढवत न्यायचा असतो. एका ठरावीक गेनला लूप सतत, एकसारखा हेलकावू लागतो. तो गेन म्हणजे Ku आणि त्या हेलकाव्याचा काळ म्हणजे Pu. अडचण अशी की तिथे पोचायला बरेच प्रयत्न लागतात, आणि गेन जरा जास्त झाला की हेलकावा वाढतच जातो. भट्टीवर किंवा चालू लाइनवर हे कुणी करू देत नाही.

1984 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ओस्ट्रॉम आणि हेग्लुंड यांनी यावर साधी युक्ती सुचवली. पीआयडीच्या जागी तात्पुरता रिले बसवायचा. तापमान सेटपॉइंटच्या खाली गेलं की आउटपुट ठरावीक प्रमाणात वर, आणि वर गेलं की तेवढंच खाली. लूप आपोआप हेलकावू लागतो, पण आउटपुट दोनच पातळ्यांमध्ये फिरत असल्याने हेलकावा ठरावीक उंचीच्या पुढे जाऊ शकत नाही.

हा हेलकावा Pu च्या जवळपास का येतो? रिले नेहमी चुकीच्या, म्हणजे सेटपॉइंटपासूनच्या फरकाच्या, उलट दिशेने ढकलतो. त्याचा धक्का प्रोसेसमधून फिरून सेन्सरपर्यंत बरोबर अर्धा हेलकावा उशिरा पोचला, तरच पुढचा धक्का वेळेवर बसतो आणि चक्र टिकतं. नुसत्या P वर लूप हेलकावतो तेव्हाही अट हीच असते. त्यामुळे दोन्हींचा काळ जवळपास सारखा येतो.

गेनचं गणितही सरळ आहे. रिलेचं आउटपुट म्हणजे `d` उंचीची चौकोनी लहर. तिच्यातल्या मूळ साइन लहरीची उंची `4d/π`, म्हणजे सुमारे 1.27d असते. प्रोसेस तिला दाबून `a` उंचीची करते. जितकी दाबली तितकाच गेन देऊन भरपाई केली, तर लूप काठावर हेलकावत राहील. म्हणून:

```
Ku = 4*d / (pi*a)
```

## 2. सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- मॅन्युअल मोडमध्ये आउटपुट टक्क्यांत देता येईल असा कंट्रोलर, पीएलसी किंवा आर्डुइनो.
- दर अर्ध्या किंवा एका सेकंदाला तापमान आणि आउटपुट दोन्ही नोंदवणारा लॉगर. नुसतं तापमान नोंदवून भागत नाही.
- कंट्रोलरपासून स्वतंत्र असलेला ओव्हर-टेंपरेचर कटऑफ. चाचणीत सेन्सर निसटला तर रिले हीटर चालूच ठेवेल, आणि तेव्हा फक्त हाच कटऑफ उपयोगी पडेल.
- 0.1 अंशापर्यंत वाचणारा सेन्सर. 1 अंशाच्या पायऱ्यांनी दाखवणाऱ्या डिस्प्लेवर आठ अंशांचा हेलकावा मोजला, तर एका अंशाची चूक म्हणजे Ku मध्ये थेट बारा टक्क्यांची चूक.

हीटर चालू-बंद करणाऱ्या एसएसआरचा सायकल टाइमही आत्ताच पाहून घ्या. आपल्या ठोकळ्याचा Pu 40 सेकंदांच्या आसपास येणार आहे. तिथे 2 सेकंदांचा सायकल टाइम चालतो. 10 सेकंदांचा असेल, तर रिलेचा निर्णय हीटरपर्यंत सरासरी 5 सेकंद उशिरा पोचतो. ज्या लूपचा मूळ डेड टाइमच 10 सेकंदांचा आहे, त्यात हे म्हणजे दीडपट डेड टाइम झाला. सायकल टाइम कमी करणं शक्य नसेल, तर पुढे जो ठेवणार आहात त्याच सायकल टाइमवर चाचणी करा.

## 3. बायस शोधा

लोक इथेच घाई करतात, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या आणि ज्या आउटपुटला तापमान सेटपॉइंटवर स्थिर राहतं ते शोधा. आपल्याला 200 अंश हवेत, म्हणजे खोलीपेक्षा 170 अंश जास्त. 170 भागिले 4, म्हणजे 42.5 टक्के. हा बायस. रिले याच्याच दोन्ही बाजूंना सारखा हलला पाहिजे.

बायस न शोधता थेट 0 आणि 100 टक्क्यांमध्ये रिले चालवला तर काय होतं? 200 अंशांवर फारसं बिघडत नाही, कारण 42.5 हा मधल्या 50 च्या जवळच आहे. पण हाच ठोकळा 370 अंशांवर ट्यून करायचा म्हटला, तर स्थिर राहायलाच 85 टक्के लागतात. आता 100 वर गेल्यावर तापवायला फक्त 15 टक्के शिल्लक आहेत, आणि 0 वर गेल्यावर थंड करायला 85. तापमान झपकन खाली पडतं आणि रखडत वर येतं. नमुन्यात ते सेटपॉइंटच्या 16.6 अंश खाली जातं आणि वर जेमतेम 2.9 अंश चढतं. एका हेलकाव्याला 39 ऐवजी सुमारे 70 सेकंद लागतात.

यातली गोम अशी की शिखर ते तळ हे अंतर सममित चाचणीइतकंच, 19.5 अंश राहतं. त्यामुळे Ku ठीक दिसतो, पण Pu जवळजवळ दुप्पट झालेला असतो. Pu वरून काढलेले I आणि D चे वेळ, म्हणजे Ti आणि Td, दोन्ही तितकेच फुगतात. आकड्यांच्या यादीत हे दिसत नाही, आलेखावर मात्र लगेच दिसतं: आउटपुट वर असण्याचा वेळ आणि खाली असण्याचा वेळ सारखे नसतील, तर बायस चुकला आहे. वर असण्याचा वेळ जास्त असेल तर बायस वाढवा, कमी असेल तर घटवा आणि चाचणी पुन्हा घ्या.

## 4. d आणि हिस्टेरेसिस ठरवा

`d` म्हणजे बायसपासून एका बाजूचं अंतर. आपण 20 टक्के घेऊ. आउटपुट 62.5 आणि 22.5 या दोन पातळ्यांमध्ये फिरेल. `d` इतका मोठा असावा की हेलकावा सेन्सरच्या नॉइजपेक्षा ठळक दिसावा, आणि इतका लहान की माल किंवा यंत्र बिघडू नये. दोन्ही पातळ्या 0 आणि 100 च्या आतच हव्यात. बायस 85 असेल तर `d` 15 च्या वर नेता येत नाही.

हिस्टेरेसिस लागतो तो नॉइजमुळे. सेटपॉइंट ओलांडताना वाचन 199.9, 200.1, 199.9 असं थरथरलं, तर रिलेही थरथरतो. म्हणून चूक `eps` पेक्षा जास्त झाल्याशिवाय आउटपुट बदलायचं नाही:

```c
e = SP - PV;
if (e > eps)       u = u0 + d;
else if (e < -eps) u = u0 - d;
```

`SP` म्हणजे सेटपॉइंट, `PV` म्हणजे मोजलेलं तापमान, `u` म्हणजे आउटपुट आणि `u0` म्हणजे बायस. मधल्या पट्ट्यात `u` जसं होतं तसंच राहतं, म्हणून तिसरी ओळ लागत नाही. हे तापवणाऱ्या लूपसाठी आहे. थंड करणाऱ्या लूपमध्ये आउटपुट वाढलं की तापमान घटतं, तिथे `d` च्या आधीची दोन्ही चिन्हं उलटी करा. नाहीतर हेलकावा सुरूच होणार नाही. तापमान एका दिशेने निघून जाईल.

स्थिर तापमानावर नॉइज किती आहे ते आधी मिनिटभर पाहून घ्या आणि `eps` त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. उगाच मोठा ठेवू नका. आपल्या ठोकळ्यावर `eps` शून्यावरून अर्ध्या अंशावर नेला, तर Pu 39 वरून 43.8 सेकंदांवर जातो आणि Ku दहा टक्क्यांनी घटतो. कारण उघड आहे: हिस्टेरेसिस म्हणजे रिलेने मुद्दाम केलेला उशीर, आणि तो प्रोसेसच्या उशिरात मिसळतो. हिस्टेरेसिस असताना सूत्र थोडं बदलतं:

```
Ku = 4*d / (pi*sqrt(a*a - eps*eps))
```

मात्र हे सूत्र वापरल्याने चाचणी हिस्टेरेसिस-मुक्त होते असं समजू नका. लूप आता थोड्या वेगळ्या, हळू वारंवारितेवर हेलकावतोय, आणि सूत्र त्या वारंवारितेचाच गेन सांगतं.

## 5. चाचणी चालवा

तापमान मॅन्युअलवर सेटपॉइंटपाशी आणून स्थिर करा आणि मग रिले सुरू करा. थंड ठोकळ्यापासून सुरुवात केली तर पहिला हेलकावा फसवा असतो. पहिले दोन हेलकावे सोडून द्या. त्यानंतरची शिखरं एकमेकांशी पाच टक्क्यांच्या आत जुळू लागली की पुढचे तीन मोजा. आपल्या ठोकळ्यावर हे सगळं चार मिनिटांत उरकतं.

या चार मिनिटांत बाकी काही हलवू नका. शेजारचा झोन ऑटोवर असेल तर तो मॅन्युअलवर टाका, नाहीतर दोन लूप एकमेकांना ढकलतील. पंखा, झाकण, पाण्याचा प्रवाह हे सगळं रोजच्या कामात असतं तसं ठेवा.

हेलकावा अतिशय बारीक आणि घाईघाईचा, प्रत्येक सॅम्पलला पलटणारा येत असेल, तर त्या प्रोसेसमध्ये डेड टाइम जवळजवळ नाहीच. तिथे रिले प्रोसेस मोजत नाही, तुमचा सॅम्पल टाइम मोजतो. Ku प्रचंड मोठा येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. अशा लूपला रिलेची गरजच नाही. साधी स्टेप चाचणी घ्या.

## 6. मोजा आणि हिशेब करा

आलेखावर शिखर 203.9 आणि तळ 196.1 आहे. फरक 7.8, त्याचा अर्धा 3.9 अंश. हा `a`. सलग दोन शिखरांमधलं अंतर 39 सेकंद. हा Pu.

```
Ku = 4*20 / (3.1416*3.9) = 6.53
```

म्हणजे प्रत्येक अंशाच्या चुकीमागे 6.53 टक्के आउटपुट.

अर्धा आणि पूर्ण यांत गल्लत होते ती इथेच. `d` 20 आहे, 40 नाही, `a` 3.9 आहे, 7.8 नाही. गंमत म्हणजे दोन्ही जागी अर्धं करायला विसरलात तर उत्तर बरोबरच येतं, हिस्टेरेसिस नसेल तोवर. एकाच जागी विसरलात तर Ku दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि दुप्पट Ku ने काढलेला P लूपला थेट काठापलीकडे नेऊ शकतो.

## 7. लहरीचा आकार पाहा

ही पायरी ऑटो-ट्यूनर सहसा करत नाही, म्हणून तुम्ही करा. सूत्र असं गृहीत धरतं की सेन्सरवर शुद्ध साइन लहर येते. ती क्वचितच येते.

आपल्या ठोकळ्यात टाइम कॉन्स्टंट डेड टाइमच्या वीसपट आहे. अशा प्रोसेसमध्ये तापमान सरळ रेषेत चढतं आणि सरळ रेषेत उतरतं. आलेखावर त्रिकोण दिसतात. त्रिकोणी लहरीतल्या मूळ साइनची उंची शिखराच्या 0.81 पट असते. म्हणजे खरा `a` 3.9 नसून 3.16, आणि Ku 6.53 नसून 8.06. नमुन्याचं अचूक गणित 8.01 देतं, म्हणजे दुरुस्ती नेमकी बसली. Pu चं अचूक उत्तर 39.2 सेकंद आहे, आपण मोजला 39. काळ जवळपास अचूक आणि गेन अठरा टक्क्यांनी कमी, असा हा प्रकार आहे. चूक सुरक्षित बाजूला आहे, त्यामुळे सामान्य हीटरवर ती न सुधारताही काम भागतं.

डेड टाइम मोठा असलेल्या लूपमध्ये मात्र चूक उलट्या बाजूला जाते. लांब पाइपच्या शेवटी बसवलेला सेन्सर किंवा कन्व्हेयरच्या टोकाचं मोजमाप घ्या. तिथे सेन्सरवरची लहर सपाट माथ्याची, चौकोनी दिसते. टोकाच्या स्थितीत सूत्र Ku ला खऱ्यापेक्षा 27 टक्क्यांनी मोठा दाखवतं. झिगलर-निकोल्सचा 0.6 हा गुणक आधीच आक्रमक आहे, त्यात ही भर पडली तर लूप अस्थिर होण्याच्या अगदी जवळ जातो. सपाट माथे दिसले तर मिळालेल्या Ku ला 1.27 ने भागा, आणि D चा विचार सोडून फक्त PI वापरा.

## 8. P, I, D काढा

झिगलर-निकोल्सनुसार P चा गेन `Kp = 0.6*Ku`, `Ti = Pu/2`, `Td = Pu/8`. न सुधारलेला 6.53 घेतला तर Kp 3.92, Ti 19.5 सेकंद, Td 4.9 सेकंद. हे आकडे अडथळ्यातून लवकर सावरतात, पण सेटपॉइंट बदलला की चांगलाच ओव्हरशूट देतात.

ओव्हरशूट चालणार नसेल तर टायरस-लायबेनचे गुणक घ्या: `Kp = Ku/2.2`, `Ti = 2.2*Pu`, `Td = Pu/6.3`. आपल्याकडे Kp 2.97, Ti 86 सेकंद, Td 6.2 सेकंद. Kp फार बदललेला नाही, पण Ti चौपटीहून जास्त झाला, आणि ओव्हरशूट कमी होतो तो मुख्यतः त्यामुळेच. ज्यात माल करपू शकतो अशा हीटिंग लूपवर हेच आधी लावून पाहावं.

आता हे आकडे तुमच्या कंट्रोलरच्या भाषेत न्या. गेनऐवजी प्रपोर्शनल बँड मागत असेल तर अंशांतला बँड म्हणजे 100 भागिले Kp, 3.92 साठी 25.5 अंश. बँड रेंजच्या टक्क्यांत मागत असेल आणि रेंज 400 अंशांची असेल, तर 6.4 टक्के. Ti मिनिटांत आहे की सेकंदांत, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. Ki आणि Kd मागणाऱ्या कंट्रोलरला `Ki = Kp/Ti` आणि `Kd = Kp*Td` द्यायचे, म्हणजे 0.20 आणि 19.1.

## 9. थ्रीडी प्रिंटरवर हेच कसं दिसतं

मार्लिन फर्मवेअरचा ऑटो-ट्यून हीच रिले पद्धत वापरतो, आणि मधले आकडे दाखवतो, म्हणून शिकायला तो उत्तम आहे. पार्ट फॅन छपाईच्या वेगाला ठेवा, सिलिकॉनचं कव्हर असेल तर चढवा, आणि:

```
M303 E0 S200 C8
```

E0 म्हणजे पहिला नोझल, S200 म्हणजे 200 अंश, C8 म्हणजे आठ हेलकावे. दर हेलकाव्याला `bias`, `d`, `min`, `max` आणि पुढे `Ku`, `Tu` येतात. `Tu` म्हणजेच आपला Pu. इथे आउटपुट टक्क्यांत नसून 0 ते 255 मध्ये मोजलेलं असतं, त्यामुळे आपला 3.92 चा Kp इथे 10.0 असा दिसेल. दुसऱ्या कंट्रोलरचे आकडे इथे जसेच्या तसे टाकू नका.

`bias` वर नजर ठेवा. तिसऱ्या पायरीतलं काम मार्लिन स्वतः करतं: वर असण्याचा आणि खाली असण्याचा वेळ तुलना करून ते दर हेलकाव्याला बायस सरकवतं आणि `d` त्याप्रमाणे बदलतं. आठव्या हेलकाव्यापर्यंतही `bias` सरकतच असेल तर C12 देऊन पुन्हा चालवा.

नोझलसाठी मार्लिन वरचेच झिगलर-निकोल्स गुणक लावतं, त्यामुळे त्यातून उलटं गणितही करता येतं. अल्टिमेकरच्या हॉटएंडसाठी `Configuration.h` मध्ये वर्षानुवर्षं असलेले मूळ आकडे घ्या: Kp 22.2, Ki 1.08, Kd 114. 22.2 भागिले 0.6 म्हणजे Ku 37. दुप्पट Kp भागिले Ki म्हणजे Tu 41.1 सेकंद. आता Kd तपासा: 22.2 गुणिले 41.1 भागिले 8, उत्तर 114. तिन्ही आकडे एकाच चाचणीतून आलेले आहेत. फोरमवरून उचललेल्या किंवा जुन्या मशीनमध्ये सापडलेल्या आकड्यांवर हाच हिशेब करा. तिन्ही जुळत नसतील, तर कुणीतरी मधला एखादा हाताने बदललेला आहे.

मिळालेले आकडे `M301` ने घाला आणि `M500` ने साठवा. हीटर, थर्मिस्टर किंवा नोझल बदलला, किंवा 200 ऐवजी 260 अंशांचं फिलामेंट नेहमीचं झालं, की चाचणी त्या नव्या तापमानावर पुन्हा घ्या.